‘पेक्षा’ कुणाच्या नावाला लागतो, ते आधी बघा

१ जानेवारी २०१९ पासून सीनियर रिसर्च फेलोशिपची, म्हणजे आपण ज्याला एसआरएफ म्हणतो तिची, दरमहा रक्कम २८,००० रुपयांवरून ३५,००० रुपये झाली. वाढ ७,००० रुपयांची. २८,००० च्या चौथा हिस्सा ७,००० होतो, म्हणून ही वाढ २५ टक्क्यांची. यात कुणाचं दुमत नाही.

आता असं समजा की एकाच विभागात दोन संशोधक आहेत. एकीच्या खात्यात नव्या दराने ३५,००० येतात. दुसऱ्याचे कागद कुठल्यातरी टेबलावर अडकलेत, त्यामुळे त्याला जुन्याच दराने २८,००० मिळतात. तिला त्याच्यापेक्षा २५ टक्के जास्त मिळतात. मग त्याला तिच्यापेक्षा किती टक्के कमी मिळतात?

बहुतेक जण पटकन २५ म्हणतात. उत्तर २० आहे. तपासून बघायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. ३५,००० चे २५ टक्के ८,७५० होतात. ते वजा केले तर २६,२५० उरतात, आणि त्याला तर २८,००० मिळतायत. ३५,००० चे २० टक्के मात्र बरोबर ७,००० होतात.

हा शाळेतल्या गणिताचा भाग आहे, मग तो या पानावर कशाला, असं वाटेल. कारण आपण जातीच्या विषमतेवर जे काही लिहितो, मागतो आणि भांडतो, त्यात टक्केवारी जागोजागी येते. आणि ‘जास्त’ला उलटं करून ‘कमी’ म्हणताना आकडा बदलतो, हे ध्यानात न ठेवल्याने मागणीपत्रात पैसे सुटतात आणि वादात तोंडघशी पडायची वेळ येते. एका चर्चासत्रात मी हे घडताना पाहिलंय. एका मुलीने मांडणी करताना एकदा ‘२५ टक्के जास्त’ आणि पुढच्या स्लाइडवर ‘२० टक्के कमी’ असं लिहिलं होतं. दोन्ही बरोबर होतं. पण समोरून प्रश्न आला, “यातला खरा आकडा कोणता? तुम्ही लोक आकडे सोयीने वापरता.” ती गडबडली, कारण दोन्ही आकडे बरोबर आहेत हे तिला माहीत होतं, पण ते का बरोबर आहेत हे दोन वाक्यांत सांगता येत नव्हतं. ती दोन वाक्यं आपल्या प्रत्येकाकडे असायला हवीत.

एक भाकरी, दोन मोजमापं

एका ताटात चार भाकऱ्या आहेत, दुसऱ्या ताटात पाच. फरक एका भाकरीचा. तो फरक कुठल्याही बाजूने बघितला तरी एकच भाकरी राहतो, ती लहानमोठी होत नाही.

पण टक्केवारी भाकरी मोजत नाही, ती हिस्सा मोजते. चारवाल्या ताटाजवळ बसून बघितलं तर ती जास्तीची भाकरी म्हणजे ‘माझ्याकडे जेवढं आहे त्याचा चौथा हिस्सा’. चारातली एक म्हणजे २५ टक्के. पाचवाल्या ताटाजवळ बसून बघितलं तर तीच भाकरी म्हणजे ‘माझ्याकडे आहे त्याचा पाचवा हिस्सा’. पाचातली एक म्हणजे २० टक्के. भाकरी तीच, पण ती ज्या ढिगाशी ताडून बघतोय तो ढीग मोठा झाला, म्हणून तिचा हिस्सा लहान झाला. ज्या ढिगाशी ताडून बघतो, त्याला टक्केवारीचा पाया म्हणतात.

यातून एक सोपा नियमही हाताला लागतो. मोठी संख्या लहानीपेक्षा पावपटीने जास्त असेल, तर लहान संख्या मोठीपेक्षा एक पंचमांशाने कमी असते. तिसऱ्या हिश्श्याने जास्त असेल, तर चौथ्या हिश्श्याने कमी. निम्म्याने जास्त असेल, तर तिसऱ्या हिश्श्याने कमी. दुप्पट असेल, म्हणजे १०० टक्के जास्त असेल, तर निम्मी, म्हणजे ५० टक्के कमी. आकडे असे सुटसुटीत नसतील तेव्हा जास्तीची टक्केवारी घ्यायची, तिच्यात १०० मिळवून येणाऱ्या संख्येने तिलाच भागायचं आणि १०० ने गुणायचं. २५ ला १२५ ने भागलं की ०.२० येतात, म्हणजे २० टक्के.

‘जास्त’ची टक्केवारी कितीही वाढू शकते, २००, ५००, हजार. ‘कमी’ची मात्र शंभराच्या पुढे जाऊच शकत नाही, कारण असलेल्या सगळ्यापेक्षा अधिक काढून घेता येत नाही. मजुरी, उत्पन्न किंवा साक्षरता यांबद्दल ‘१२० टक्के कमी’ असं कुठे छापलेलं दिसलं, तर लिहिणाऱ्याने ‘जास्त’चा आकडा तसाच उचलून ‘कमी’पुढे ठेवलाय, असं खुशाल समजा.

मराठीने खूण करून ठेवलीय

पाया कोणता, हे ओळखायला मराठीत एक चांगली सोय आहे. ज्या नावाला ‘पेक्षा’ लागतो, तो पाया. ‘तिला त्याच्यापेक्षा २५ टक्के जास्त’ यात ‘त्याच्या’ला ‘पेक्षा’ लागलाय, म्हणून त्याचे २८,००० हा पाया. ‘त्याला तिच्यापेक्षा २० टक्के कमी’ यात ‘तिच्या’ला लागलाय, म्हणून तिचे ३५,००० हा पाया. ‘च्या तुलनेत’, ‘च्या मानाने’, ‘हून’ हेही तेच काम करतात. वाक्य उलटं केलं की ‘पेक्षा’ एका माणसावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसतो, आणि त्याच्यासोबत पायाही हलतो. त्या चर्चासत्रातल्या प्रश्नाला एवढंच उत्तर पुरेसं होतं: “दोन्ही खरे आहेत. पहिल्या वाक्यात कमी मिळणाऱ्याच्या रकमेशी ताडलंय, दुसऱ्यात जास्त मिळणाऱ्याच्या.”

घोळ होतो तो ‘पेक्षा’ गाळला जातो तेव्हा. ‘वेतनात २५ टक्के तफावत’, ‘शिक्षणात ३० टक्के दरी’ असे मथळे आपण रोज वाचतो. तफावत, दरी, अंतर, फरक या शब्दांना पायाच नसतो. २५ टक्के म्हणजे कुणाच्या वेतनाच्या २५ टक्के? वाचणारा आपल्या सोयीने पाया धरतो आणि पुढे सांगताना तो बदलूनही टाकतो. अशा मथळ्यातला आकडा आपल्या लेखात उतरवण्याआधी मूळच्या दोन संख्या शोधा. त्या नाही सापडल्या, तर तो आकडा न वापरलेलाच बरा.

मागणीपत्रात १,४०० रुपये कसे सुटतात

आता पैशाचं बघू. जुन्या दरावर अडकलेल्या संशोधकांनी निवेदन लिहायचं ठरवलं. त्यांनी हिशेब बरोबर केला आणि लिहिलं, ‘आम्हाला इतरांपेक्षा २० टक्के कमी रक्कम मिळते.’ इथवर सगळं ठीक. मग पुढची ओळ: ‘म्हणून आमच्या रकमेत २० टक्के वाढ करावी.’

मागणी जशीच्या तशी मान्य झाली असं धरा. २८,००० चे २० टक्के ५,६००. नवी रक्कम ३३,६००. म्हणजे निवेदन मंजूर होऊनही दर महिन्याला १,४०० रुपये कमीच, वर्षाला १६,८००. कुणी फसवलं नाही. ‘कमी’ सांगताना पाया ३५,००० होता आणि ‘वाढ’ मागताना तो गुपचूप २८,००० झाला. बरोबरीला यायला वाढ २५ टक्क्यांची लागते.

हा एका प्रकरणाचा योगायोग नाही. तूट भरून काढायला लागणारी वाढ तुटीच्या टक्केवारीहून नेहमीच मोठी असते, आणि तूट जितकी मोठी तितका हा फरक वाढत जातो. २० टक्के तूट भरायला २५ टक्के वाढ लागते. ५० टक्के तूट भरायला १०० टक्के. ८० टक्के तूट असेल, म्हणजे एकाकडे १०० आणि दुसऱ्याकडे २० असतील, तर बरोबरीला यायला २० चे १०० व्हावे लागतात. ही वाढ ४०० टक्क्यांची आहे. ‘एवढी वाढ कशी मागता?’ असं विचारणाऱ्याला तूट ८० टक्क्यांची आहे हे दिसत नसतं, आणि तूट दाखवणाऱ्यालाही वाढीचा आकडा मांडायचा राहून जातो.

म्हणून पाया निवडायचा तो प्रश्न बघून. ‘किती वाढवलं म्हणजे बरोबरी होईल?’ हा प्रश्न असेल तर पाया कमी मिळणाऱ्याचा. ‘जे मिळायला हवं होतं त्यातलं किती मिळालं नाही?’ हा प्रश्न असेल तर पाया जास्त मिळणाऱ्याचा. आणि मागणीपत्रात तर टक्क्यांच्या भानगडीतच न पडता रुपये लिहावेत: २८,००० च्या जागी ३५,०००. रुपयांना पाया लागत नाही.

वीस वर्षांची एकच गोष्ट, तीन तऱ्हांनी

हाच पाया मोठ्या आकडेवारीत काय करतो, ते जनगणनेत बघू. अनुसूचित जातींमधल्या पुरुषांचं आणि स्त्रियांचं साक्षरतेचं प्रमाण घेऊ. देशपातळीवरचे आणि सात वर्षांवरील लोकसंख्येचे हे आकडे आहेत. १९९१ मध्ये पुरुषांचं प्रमाण ४९.९१ टक्के होतं, स्त्रियांचं २३.७६. २००१ मध्ये ते ६६.६४ आणि ४१.९० झालं. २०११ मध्ये ७५.१७ आणि ५६.४६.

आधी २०११ बघा. फरक १८.७१ चा. तो स्त्रियांच्या प्रमाणाशी ताडला तर पुरुषांचं प्रमाण स्त्रियांपेक्षा ३३ टक्के जास्त निघतं. पुरुषांच्या प्रमाणाशी ताडला तर स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा २५ टक्के कमी निघतं. तिसऱ्या हिश्श्याने जास्त, चौथ्या हिश्श्याने कमी, वर सांगितलेला नियम इथे जवळजवळ तंतोतंत उतरलाय. शिवाय १८.७१ हा नुसता फरक आहेच. दोन टक्केवाऱ्यांची अशी सरळ वजाबाकी केली की तिला ‘टक्के’ न म्हणता ‘टक्केबिंदू’ म्हणायचं. हा एक शब्द वापरला तरी अर्धा गोंधळ मिटतो.

आता १९९१ ते २००१ या दहा वर्षांत स्त्री-पुरुषांमधलं अंतर किती कमी झालं, असं कुणी विचारलं तर? टक्केबिंदूंत मोजलं तर ते २६.१५ वरून २४.७४ वर आलं, म्हणजे जेमतेम हललं. पुरुष स्त्रियांपेक्षा किती जास्त, असं मोजलं तर ११० टक्क्यांवरून ५९ टक्क्यांवर, म्हणजे जवळपास निम्म्यावर आलं. स्त्रिया पुरुषांपेक्षा किती कमी, असं मोजलं तर ५२ टक्क्यांवरून ३७ वर. जनगणना तीच, संख्या त्याच, आणि बातम्या तीन.

एवढ्यावर भागत नाही. साक्षर मोजण्याऐवजी निरक्षर मोजा. १९९१ मध्ये अनुसूचित जातींमधल्या ५०.०९ टक्के पुरुष आणि ७६.२४ टक्के स्त्रिया निरक्षर होत्या. स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा ५२ टक्के जास्त. २०११ मध्ये हे आकडे २४.८३ आणि ४३.५४ झाले, म्हणजे स्त्रियांचं प्रमाण ७५ टक्के जास्त. या बाजूने बघितलं तर वीस वर्षांत अंतर वाढलं!

खोटं यातलं काहीच नाही. साक्षरता वाढत गेली तसा साक्षरांचा पाया मोठा होत गेला आणि निरक्षरांचा लहान. मोठ्या पायाशी ताडलेला फरक लहान दिसतो, लहान पायाशी ताडलेला मोठा. त्यामुळे सरकारची पाठ थोपटायची असेल त्याला ११० वरून ५९ वर आलेला आकडा सापडतो, आणि टीका करायची असेल त्याला ५२ वरून ७५ वर गेलेला. दोन्हीकडून भांडणारे लोक एकाच तक्त्यावर बोट ठेवून भांडत असतात.

पाया म्हणजे ‘सामान्य’ कोण

इथवर हिशेब झाला. पण समाजशास्त्र शिकताना मला त्यामागचा आणखी एक प्रश्न महत्त्वाचा वाटत गेला. आपण सवयीने कुणाला पाया धरतो?

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त आलेला अभ्यास बऱ्याच जणांना माहीत असेल. खासगी क्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या वर्तमानपत्री जाहिरातींना त्यांनी तोडीस तोड पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा होता. काही नावांवरून अर्जदार उच्चजातीय हिंदू वाटावा, काहींवरून दलित, काहींवरून मुस्लिम. पुढच्या फेरीसाठी बोलावणं येतं का, एवढंच मोजलं. बोलावणं आलेल्या अर्जांचं न आलेल्या अर्जांशी जे गुणोत्तर असतं, ते दलित नावांच्या बाबतीत उच्चजातीय नावांच्या ०.६७ पट निघालं.

ही गोष्ट आपण नेहमी अशी सांगतो: दलित नाव असेल तर हे गुणोत्तर ३३ टक्क्यांनी कमी होतं. वाक्य बरोबर आहे. पण ‘पेक्षा’ उच्चजातीय नावाला लागलाय. ते नाव सरळ रेषा, आणि दलित नाव त्या रेषेच्या खाली. आता वाक्य उलटं करा. १ ला ०.६७ ने भागलं की सुमारे १.४९ येतात. म्हणजे तितक्याच पात्रतेच्या अर्जावर नुसतं उच्चजातीय नाव असलं की हे गुणोत्तर सुमारे ४९ टक्क्यांनी वाढतं.

दोन्ही वाक्यांत एकच निष्कर्ष आहे. पण पहिलं ऐकून माणसं विचारतात, ‘दलितांमध्ये काय कमी आहे?’ दुसरं ऐकून विचारावं लागतं, ‘सवर्णांना हे जास्तीचं कशाबद्दल मिळतंय?’ ज्याला पाया धरलं त्याचं काही स्पष्टीकरण कुणी मागत नाही. स्पष्टीकरण दुसऱ्यालाच द्यावं लागतं. जातीने मिळणारा लाभ आपल्या आकडेवारीत क्वचित दिसतो, याचं एक कारण आपण स्वतः लिहितानाही ‘पेक्षा’ नेहमी त्याच बाजूला लावतो, हे आहे.

यावर कुणी म्हणेल, मग नेहमी ४९ च लिहू, आकडाही मोठा दिसतो. मला ते पटत नाही. आकडा मोठा दिसतो म्हणून पाया निवडला, तर ‘११० वरून ५९’ म्हणत अंतर निम्मं झाल्याची बातमी देणाऱ्याला अडवायचा हक्क आपण गमावतो, कारण तोही तेच करतोय. ज्या दिवशी प्रश्न लाभाचा आहे त्या दिवशी ४९ लिहा, आणि कशाशी ताडलंय तेही लिहा. ज्या दिवशी प्रश्न नाकारलेल्या संधीचा आहे त्या दिवशी ३३ लिहा. शक्य असेल तिथे दोन्ही शेजारी ठेवा. मूळच्या संख्या मात्र प्रत्येक वेळी द्या, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः भागाकार करून बघता येईल.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात टक्केवारीचा हिशेब करून बघणारी आपली पहिलीच पिढी आहे. त्यामुळे समोरचा ‘आकडे सोयीने वापरता’ म्हणाला की आपलंच काही चुकलं असेल असं आधी वाटतं. पुढच्या वेळी असं झालं तर घाबरून स्लाइड बदलू नका. दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा, प्रत्येकातल्या ‘पेक्षा’खाली रेघ मारा, आणि विचारणाऱ्यालाच भागाकार करायला सांगा.